यादी, फळा की पट्ट्यांचा तक्ता? काम बघून ठरवा

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली आणि शाळेचे गणवेश शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या महिलांकडे आलं. कापलेलं कापड वरून यायचं, शिलाई गावात व्हायची. पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी ऐकलं, काहींनी अनुभवलंही. अनेक ठिकाणी शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता. कापड उशिरा आलं, मापं चुकली, अशी कारणं बरीच होती आणि ती सगळी काही शिवणाऱ्या बायकांची नव्हती. पण त्याच वर्षाच्या शेवटी शासनाने निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं.

म्हणजे आता ऑर्डर हवी असेल तर गावातल्या समितीसमोर बसून बोलावं लागतं. आणि समितीचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, तारखेला द्याल ना?"

या प्रश्नाला "देऊ की" एवढं उत्तर पुरत नाही. काम कुठवर आलंय हे रोज संध्याकाळी सांगता यायला पाहिजे. त्यासाठी तीन साधनं आहेत: चेकलिस्ट, कानबान बोर्ड आणि गँट चार्ट. नावं परकी आहेत, वस्तू साध्या आहेत. चेकलिस्ट म्हणजे खुणा करत जायची यादी. कानबान बोर्ड म्हणजे रकाने आखलेला फळा आणि त्यावर पुढे पुढे सरकणाऱ्या चिठ्ठ्या. गँट चार्ट म्हणजे वर आठवडे, डावीकडे कामं, आणि प्रत्येक कामासमोर ते जितके दिवस चालणार तितकी लांब पट्टी. तिन्ही कागदावर, खडूने, सुतळीने होतात. मोबाइल लागत नाही.

चूक होते ती निवडताना. ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं तेच सगळीकडे वापरायचं, असं होतं. म्हणून आधी स्वतःला विचारा, की आपलं हे काम बिघडलं तर कशाने बिघडेल? काहीतरी विसरल्याने बिघडणार असेल तर यादी करा. एकसारखे पुष्कळ नग हातातून हातात जाताना मध्येच कुठेतरी अडकणार असतील तर फळा लावा. आणि एक काम झाल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही, वर तारीख ठरलेली आहे, असं असेल तर पट्ट्यांचा तक्ता काढा. बाकी सगळं यावरूनच ठरतं.

सहाशे शर्ट आणि एक काज मशीन

गणवेशाचंच उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. समजा ग्रामसंघाला ६०० शर्टांची ऑर्डर मिळाली, मुदत १५ दिवस. शिवणाऱ्या बारा जणी आहेत. तिघी-तिघींच्या चार टोळ्या केल्या. एकीने कॉलर आणि खिसा, दुसरीने बाह्या, तिसरीने बाजू आणि खालची दुमड. अशी एक टोळी दिवसाला एक डझन शर्ट काढते. म्हणजे रोज चार डझन, ४८ शर्ट. ६०० भागिले ४८, साडेबारा दिवस. मुदत पंधराची. दोन-अडीच दिवस हातात राहतात. अध्यक्षांनी समितीला होकार दिला तर त्यांचं काय चुकलं?

काज राहिलं. काज करायला एकच ताई आणि एकच मशीन. एका शर्टाला सात काजं. खूण करायची, काज घालायचं, चिरायचं, वर बटण लावायचं. एका शर्टामागे दहा मिनिटं धरा. दिवसाचे सहा तास काम झालं आणि वीज गेली नाही तर ३६ शर्ट होतात, म्हणजे तीन डझन. शिलाईतून रोज चार डझन बाहेर पडतात आणि काजातून तीनच पुढे जातात. रोज एक डझन मागे राहतो. काजाच्या हिशोबाने ६०० शर्टांना जवळजवळ सतरा दिवस लागतात, आणि काज सुरू होतं ते दुसऱ्या दिवसापासून. बारा जणींनी रात्री जागून शिलाई कितीही पळवली तरी हा आकडा एका दिवसानेही कमी होत नाही. उलट काजवालीच्या घरात शर्टांचा ढीग तेवढा मोठा होतो.

वहीत हे दिसत नाही. वहीत रोज "४८ शर्ट शिवून झाले" असं लिहिलं जातं आणि वाचून बरं वाटतं. तेराव्या दिवशी शिलाई संपते, बायका सुटकेचा श्वास टाकतात आणि तेव्हा कळतं की दीडशेच्या वर शर्टांना अजून काजच नाही.

फळ्यावर हेच दुसऱ्या दिवशी दिसतं. ग्रामसंघाच्या खोलीतली भिंत किंवा शाळेचा जुना फळा घ्या. उभ्या रेषा मारून पाच रकाने करा: कापड आलं, शिलाई, काज-बटण, तपासणी-इस्त्री, तयार. शर्ट डझनाच्या गठ्ठ्याने फिरतात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्याची एक चिठ्ठी करा. ६०० शर्टांच्या पन्नास चिठ्ठ्या होतील. चिठ्ठीवर गठ्ठ्याचा नंबर, शर्टाचं माप आणि टोळीचं नाव लिहा. गठ्ठा जिथे आहे तिथे चिठ्ठी लावा. शिलाई झालेला गठ्ठा काजवालीकडे गेला की चिठ्ठी काजाच्या रकान्यात. चिठ्ठी त्याच बाईने सरकवायची जिने गठ्ठा पोचवला. सचिवांनी आठवड्याने येऊन एकदम सगळ्या चिठ्ठ्या हलवल्या तर तो फळा राहत नाही, भिंतीवरची शोभा होते.

आता पहिल्या संध्याकाळी काजाच्या रकान्यात चार चिठ्ठ्या असतील. हे बरोबरच आहे, दुसऱ्या दिवशीचं काम समोर आहे. दुसऱ्या संध्याकाळी पाच. तिसऱ्या संध्याकाळी सहा. चौथ्या संध्याकाळी सात. कोणाला गणित येवो न येवो, एक रकाना फुगत चाललाय आणि त्याच्या पुढचे दोन रकाने रिकामे आहेत हे दारातून आत येणाऱ्या बाईलाही दिसतं.

म्हणून फळ्यावर रकाने आखणं पुरेसं नाही. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहायचा असतो, की इथे यापेक्षा जास्त चिठ्ठ्या थांबायच्या नाहीत. काजाच्या रकान्यावर "४" लिहा. पाचवी चिठ्ठी लावायची वेळ आली की थांबायचं आणि बोलायचं. कानबानचा खरा प्राण या आकड्यात आहे. जपानमध्ये टोयोटा गाड्यांच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली. कानबान म्हणजे जपानी भाषेत पाटी. पुढच्या कामगाराकडून पाटी आल्याशिवाय मागच्याने नवा भाग बनवायचाच नाही, असा तिथला नियम. आपल्याला ते विचित्र वाटतं. हात रिकामा ठेवायचा? मशीन बंद ठेवायचं? पण ज्या शर्टाला पुढे वाट नाही तो शर्ट शिवून आपण फक्त ढीग वाढवतो. ढिगात मापं मिसळतात, कॉलर चुरगळते, आणि एखाद्या टोळीची बाही उलटी लागत असेल तर ती चूक कळेपर्यंत पाच गठ्ठे तसेच शिवून झालेले असतात.

मग उपाय काय? चौथ्या संध्याकाळी बसलात असं धरू. शिवलेले १९२, काज झालेले १०८, मध्ये अडकलेले ८४. शिवणाऱ्यांपैकी एकीच्या घरच्या मशीनला काजाची जोडणी बसते. ती दुपारपर्यंत शिलाई करेल आणि दुपारनंतर काज. तिच्या टोळीचे दोन शर्ट रोज कमी होतील, म्हणजे शिलाई ४८ वरून ४६ वर येईल. पण काज ३६ वरून ५४ वर जाईल. शिलाई तेराव्या दिवशी संपेल, काज चौदाव्या दिवशी सकाळी. तपासणी आणि इस्त्री रोजच्या रोज मागोमाग होत असेल तर पंधराव्या दिवशी गठ्ठे शाळेत. बघा, शिलाई थोडी कमी केली म्हणून ऑर्डर वेळेत गेली.

काजाची दुसरी जोडणी कोणाकडेच नसेल तर साचलेले गठ्ठे शहरात काज-बटण करणाऱ्याकडे देता येतात. त्याचे पैसे जातात. पण चौथ्या दिवशी सात गठ्ठे द्यायचे की चौदाव्या दिवशी तो मागेल त्या दराने चौदा गठ्ठे, हा फरक आहे.

फळ्याची एक कमजोरी सांगते. तो "कुठे अडलं" हे चांगलं सांगतो, "कधी होईल" हे आपणहून सांगत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी शेवटच्या रकान्यात किती नव्या चिठ्ठ्या आल्या ते कोपऱ्यात लिहा. पन्नासातून तयार झालेल्या वजा करा, उरलेल्यांना रोजच्या सरासरीने भागा. तेवढे दिवस लागणार. आणि तपासणीत परत पाठवलेल्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लाल टिंब द्या. एकाच टोळीच्या चिठ्ठ्यांवर टिंबं दिसायला लागली तर त्या तिघींजवळ जाऊन बसा, भांडण नको. बहुतेक वेळा माप घेतानाच गडबड झालेली असते.

यादी कुठे

याच कामात यादीचीही एक जागा आहे, अगदी शेवटी. गठ्ठा शाळेत पाठवताना. इथे काही अडत नाही, इथे विसरलं जातं. पाचवीच्या गठ्ठ्यात सातवीच्या मापाचे दोन शर्ट जातात, चलनाची प्रत आपल्याकडे ठेवायची राहते, मुख्याध्यापकांची सही घ्यायची राहते आणि बिलाच्या वेळी ग्रामसंघाला चार फेऱ्या पडतात.

यादी आपल्याला नवी नाही. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर ही पंचसूत्री आपण बैठकीत एकेक करून तपासतो, तेव्हा यादीच वापरत असतो. शिकलेल्या, अनुभवी माणसालाही यादी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. पेशंट हाच ना, ऑपरेशन ह्याच बाजूचं ना, वापरलेल्या पट्ट्या मोजल्या ना, असे साधे प्रश्न. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात एक दिल्लीचं होतं. ऑपरेशननंतरचे मृत्यू शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आले. त्या डॉक्टरांना काम येत नव्हतं असं नाही. रोजचं काम असलं की डोळा चुकतो.

चांगली यादी छोटी असते. सात-आठ ओळींच्या वर गेली की बायका न वाचता खुणा मारतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. आणि ओळ अशी लिहा की हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल. "गठ्ठा नीट तपासला" ही ओळ फुकट आहे, कारण नीट म्हणजे काय हे प्रत्येकीचं वेगळं. "बारा नग मोजले", "बाराही कॉलरवरचं माप चिठ्ठीशी जुळलं", "सगळी सात बटणं लावून पाहिली", "लोंबणारे दोरे कापले", "चलनाच्या दोन प्रती घेतल्या" असं लिहा. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने हात लावून बघून उत्तर द्यायचं. एकटीने केलेली यादी तिसऱ्या दिवसापासून खोटी व्हायला लागते.

यादीत ओळींचा क्रम असतो, पण वेळ नसते. ती फक्त "झालं की राहिलं" एवढंच सांगते. म्हणून सहाशे शर्टांची पूर्ण ऑर्डर यादीवर चालवता येत नाही. "शिलाई" या ओळीपुढे खूण कधी करणार? सहाशेवा शर्ट झाल्यावर. तोवर बारा दिवस यादी गप्प.

गड्ड्याच्या यात्रेआधी भाकरी

आता तिसऱ्या प्रकारचं काम. समजा प्रभाग संघाला कडक भाकरीचं युनिट टाकायचंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्यायची, भाकऱ्या करून वाळवायच्या, पाकिटात बंद करून विकायच्या. आणि पहिला माल सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मांडायचा. यात्रा संक्रांतीला. ती आपल्यासाठी थांबणार नाही. बैठक नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दहा आठवडे आहेत.

इथे एकसारखे पन्नास गठ्ठे नाहीत. सात-आठ वेगवेगळी कामं आहेत, प्रत्येक एकदाच करायचं. खोलीची फरशी आणि ओटा, तीन आठवडे. विजेची जोडणी, चार आठवडे. भाकरीचं मशीन सांगून येईपर्यंत पाच. अन्न परवान्याची नोंदणी, तीन. मशीन बसवून चालवून पाहणं, एक. पाकीट बंद करून भाकरी मऊ पडते का, वास येतो का हे ठेवून पाहणं, दोन. लेबल छापणं, दोन. आणि विक्रीचा माल तयार करणं, दोन. एकामागून एक केलं तर बावीस आठवडे, संक्रांत सोडा, गुढीपाडवाही उलटेल.

ही कामं यादीत लिहिली तर आठ ओळी दिसतील, सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या. फळ्यावर लावली तर सगळ्या चिठ्ठ्या "चालू आहे" मध्ये महिनाभर बसून राहतील. इथे लागतो पट्ट्यांचा तक्ता. शंभर वर्षांपूर्वी हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने कारखान्यांसाठी असे तक्ते वापरात आणले, त्याचंच नाव त्याला पडलं.

चौकटीचा मोठा कागद घ्या. वर दहा-बारा आठवड्यांचे उभे रकाने. डावीकडे कामांची नावं. आता प्रत्येक कामाला विचारा, "तुझ्याआधी काय व्हायलाच पाहिजे?" फरशीला काही नको. विजेच्या अर्जाला काही नको. मशीन सांगायला आणि परवान्याचा अर्ज करायला काही नको. म्हणजे या चारही पट्ट्या पहिल्या आठवड्यापासून सुरू. फरशी तिसऱ्याला संपेल, वीज चौथ्याला, मशीन पाचव्याला. मशीन बसवायला मात्र तिन्ही हवीत, म्हणून ती पट्टी सहाव्या आठवड्यात. मग ठेवून पाहणं, सातवा आणि आठवा. लेबलवर परवान्याचा १४ अंकी नंबर लागतो आणि भाकरी किती दिवस टिकते तेही लिहावं लागतं. म्हणजे लेबल ठेवून पाहिल्यानंतर, नववा आणि दहावा. आणि विक्रीचा माल लेबल आल्यावर, अकरावा आणि बारावा. माल तयार होईल तेव्हा गड्डा उठलेला असेल.

तक्त्याचा फायदा हाच, की हे नोव्हेंबरमध्ये कळलं. कागद खोडून पुन्हा काढता येतो. कुठली पट्टी कुठल्या पट्टीला उगाच धरून बसलीय ते बघा. लेबलला थांबवतंय ते टिकण्याच्या मुदतीने. पण मुदतीची आणि पॅकिंगच्या तारखेची जागा कोरी ठेवून लेबल छापलं आणि नंतर रबरी शिक्का मारला तर? मग लेबलला फक्त परवान्याचा नंबर पाहिजे. तो तिसऱ्या आठवड्यात मिळाला तर लेबल चौथ्या-पाचव्यात छापून तयार. विक्रीचा माल नवव्या-दहाव्या आठवड्यात. जानेवारीच्या नऊ-दहा तारखेला खोकी भरलेली, यात्रेच्या तोंडावर. शिक्का मारताना जेवढे दिवस ठेवून पाहिलंय त्याहून जास्त मुदत मात्र लिहू नका. नमुन्याची चार पाकिटं तशीच ठेवून द्या, म्हणजे पुढच्या खेपेला मुदत वाढवता येईल.

तक्ता आणखी एक गोष्ट सांगतो, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. फरशीचा गवंडी दोन आठवडे उशिरा आला तरी काही बिघडत नाही, कारण मशीन पाचव्या आठवड्याशिवाय येणारच नाही. वीज एक आठवडा लांबली तरी चालेल. पण मशीन एक आठवडा लांबलं तर सगळंच एक आठवडा लांबतं. म्हणजे अध्यक्षांनी रोज फोन कोणाला करायचा? गवंड्याला नव्हे, मशीनवाल्याला. आपल्याकडे होतं उलटं. गवंडी गावातला, डोळ्यासमोर दिसतो, त्याच्यावर सगळ्या ओरडतात. मशीनवाला लांब शहरात, "पाठवतो ताई" म्हणतो आणि आपण गप्प बसतो.

तक्त्यावर सण आणि शेतीची कामंही काढा. नोव्हेंबर-डिसेंबरात द्राक्षबागेत विरळणीला बायका जातात, त्या आठवड्यांत युनिटच्या ट्रेनिंगला कोणी येणार नाही. ते रकाने आधीच रंगवून ठेवा. आणि तक्त्यावर एक लाल दोरी उभी लावा, आजच्या तारखेवर. दर सोमवारी ती एक घर पुढे सरकवा. दोरीच्या डावीकडे एखादी अर्धवट पट्टी राहिली असेल तर ते काम मागे पडलंय. ज्या तक्त्याची दोरी महिनाभर हलली नाही तो काढून टाका, तो खोटं बोलतो.

आणि शर्टांच्या शिलाईसाठी हा तक्ता का नको? कारण तिथे पन्नास गठ्ठ्यांच्या पन्नास पट्ट्या काढाव्या लागतील आणि एका ताईला ताप आला की सगळ्या खोडाव्या लागतील. रोज बदलणाऱ्या कामाला चिठ्ठी बरी, ती हाताने हलते. पट्टी खोडावी लागते.

एकाच कामात दोन साधनं

प्रत्यक्षात काम मिसळलेलं असतं. भाकरीच्या तक्त्यात नववा-दहावा आठवडा "विक्रीचा माल" म्हणून एकच पट्टी आहे. पण त्या पट्टीच्या पोटात रोज शेकडो भाकऱ्या थापणं, वाळवणं, पाकीट बंद करणं, लेबल लावणं चालणार. तिथे फळा लावा, आणि वाळवण्याच्या रकान्यावर आकडा नक्की लिहा. थंडीत ऊन कमी, भाकरी तिथेच साचणार. खोकं बंद करताना पाच ओळींची यादी. पण पहिल्याच दिवशी तिन्ही भिंतीवर लावू नका. जिथे पैसे आणि तारीख अडकलेली आहे ते एक साधन आधी लावा, हाताला बसलं की दुसरं.

दहा जणींची सहल, एका दिवसाची शिबिरं, बँकेची कर्जाची फाईल, यांना तक्ता काढत बसू नका. फाईलला यादी पुरते.

ऑर्डर संपल्यावर फळा पुसा, पण चिठ्ठ्या फेकू नका. प्रत्येक रकान्यातून गठ्ठा कोणत्या तारखेला पुढे गेला ते चिठ्ठीच्या मागे लिहायची सवय ठेवली असेल तर पन्नास चिठ्ठ्यांत पुढच्या ऑर्डरचा हिशोब आहे. पुढच्या वर्षी समिती विचारेल, "ताई, हजार शर्ट किती दिवसांत?" तेव्हा त्या चिठ्ठ्यांची गड्डी सोडा, काजाच्या तारखा बघा आणि मग आकडा सांगा.